काकांना 'लॉक-इन' समजवायचंय, पण तो शब्द न मोडता

"मेल मिळाला, दोनदा वाचला. आता त्यात काय लिहिलंय ते फोनवर सांग." हे वाक्य मी वर्षातून किमान पन्नास वेळा ऐकते. पुण्यात एका वकिलांच्या ऑफिसात मी लिव्ह अँड लायसन्सचं काम बघते, म्हणजे फ्लॅट अकरा महिन्यांसाठी देतात त्याचे करार, नोंदणी, आणि मग वर्षभर मालकांना मेल पाठवणं. करार करणं त्यातल्या त्यात सोपं. खरी कसरत आहे ती मेलची, कारण कराराची भाषा मालकाला कळत नाही आणि मालकाला कळेल अशी भाषा लिहायला गेलं की करार बिघडतो.

हे 'बिघडतो' म्हणजे नक्की काय, आणि सोपं लिहायचं पण कायद्याचे शब्द जागेवर ठेवायचे हे कसं जमवायचं, ते एका केसवरून सांगते. नावगाव काढून टाकलंय, आकडे थोडे बदललेत.

प्रकरण काय होतं

काका नाशिकला राहतात, रिटायर्ड, कोथरूडला त्यांचा वन बीएचके. आयटीतल्या एका मुलाला दिलेला. करार 1 जुलै 2025 ते 31 मे 2026. महिन्याचे 22,000, डिपॉझिट 1 लाख, लॉक-इन सहा महिने. ऑक्टोबरमध्ये त्या मुलाची बंगलोरला बदली झाली आणि त्याने कळवलं की 15 नोव्हेंबरला सोडतोय. काकांचा एकच प्रश्न होता, किती पैसे कापायचे आणि किती परत द्यायचे.

करारातलं कलम 4 असं होतं:

> "सदर करार लॉक-इन कालावधीत, म्हणजे दि. 01/07/2025 पासून दि. 31/12/2025 पर्यंत, कोणत्याही पक्षास संपुष्टात आणता येणार नाही. लायसन्सीने लॉक-इन कालावधीत जागा सोडल्यास उर्वरित लॉक-इन कालावधीचे लायसन्स शुल्क देण्यास तो जबाबदार राहील. लॉक-इन कालावधीनंतर कोणत्याही पक्षास एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपुष्टात आणता येईल."

आमच्याकडे तेव्हा नवीन आलेल्या मुलाने पहिला मेल लिहिला तो म्हणजे हे कलम कॉपी-पेस्ट, वर 'महोदय' आणि खाली 'कळावे'. काकांचा फोन आला, वर लिहिलंय तोच.

मग दुसरा मेल मी घाईत लिहिला, आणि ही चूक माझी, त्याची नाही. मी लिहिलं: "काका, भाडेकरू सहा महिन्यांच्या आत जातोय, त्यामुळे त्याला दीड महिन्याचं भाडं दंड बसेल, ते अॅडव्हान्समधून कापा, बाकीची अनामत परत द्या. नाहीतर महिनाभर आधी सांगून जाता आलं असतं." वाचायला एकदम सोपं. काकांना लगेच कळलं, इतकं कळलं की त्यांनी तो मेल जसाच्या तसा त्या मुलाला व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड केला.

त्या चार ओळींत काय काय तुटलं

सगळ्यात आधी पैशाचं. करारात एकच रक्कम होती, 'बिनव्याजी परतावायोग्य सुरक्षा अनामत', 1 लाख. मी एकाच वाक्यात तिला एकदा अॅडव्हान्स म्हटलं आणि एकदा अनामत. शाळेत शिकवलेलं असतं ना की तोच शब्द परत परत वापरू नये, निबंध रटाळ होतो. करारासंबंधीच्या मेलमध्ये हीच सवय घात करते. काकांनी विचारलं, "अॅडव्हान्स वेगळा घेतला होता का आपण? मला एकच लाख आठवतोय." वाचणाऱ्याने दोन शब्द बघितले आणि दोन वस्तू आहेत असं धरलं, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. डाळ आणि वरण एकच म्हणून चालतं घरात, पण किराणा मालाच्या यादीत एकदा 'डाळ एक किलो' आणि खाली 'वरण एक किलो' लिहा, दुकानदार विचारणारच.

मग 'महिनाभर आधी सांगून'. करारात आहे 'एक महिन्याची लेखी नोटीस', आणि तीही लॉक-इन संपल्यावर. माझ्या वाक्यातून 'लेखी' गेलं आणि 'लॉक-इननंतर' पण गेलं. त्या मुलाचा रिप्लाय काय आला असेल? "मी तुम्हाला 10 ऑक्टोबरलाच फोनवर सांगितलं होतं, महिना होऊन गेला, मग कापायचं कशाला?" आणि माझ्या मेलप्रमाणे त्याचं बरोबरच होतं की.

पण सगळ्यात महाग पडणारा शब्द होता 'दंड'. करारात दंड हा शब्दच नाही. तिथे आहे 'लायसन्स शुल्क देण्यास जबाबदार राहील'. फरक असा की भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 74 म्हणतं, करार मोडल्यास अमुक रक्कम द्यायची किंवा दंड भरायचा असं करारात लिहिलेलं असलं तरी समोरच्याला मिळते ती वाजवी भरपाई, जास्तीत जास्त त्या लिहिलेल्या रकमेइतकी. म्हणजे लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा, आपोआप मिळणारा हक्क नाही. आता आपणच आपल्या हाताने त्याला दंड म्हणून मोकळे झालो, की समोरचा वकील म्हणणार, बघा, हे स्वतःच म्हणतायत की ही भरपाई नाही, शिक्षा आहे, यांचं खरं नुकसान काय झालं ते दाखवा आधी. त्याचा मुद्दा टिकेल किंवा नाही टिकणार, पण तो त्याच्या हातात आम्ही दिला.

सुदैवाने प्रकरण तिथपर्यंत गेलं नाही. मुलगा सरळ होता.

भाडेकरू म्हटलं तर काय आकाश कोसळतं?

हा प्रश्न मला प्रत्येक मालक विचारतो, कारण बोलताना आपण सगळेच भाडं, भाडेकरू, घरमालक म्हणतो, मी पण म्हणते. पण कायद्यात भाडेपट्टा आणि लायसन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाडेपट्ट्यात जागेतला हक्क काही काळासाठी समोरच्याकडे जातो, तो येतो मालमत्ता हस्तांतरण कायद्यातून. लायसन्समध्ये हक्क जात नाही, फक्त वापरायची परवानगी मिळते, ती येते 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम 52 मधून. साधं उदाहरण म्हणजे तुम्ही शेजाऱ्याला स्कूटर चालवायला दिली, चावी त्याच्याकडे, पेट्रोल त्याचं, पण स्कूटर तुमचीच आणि ठरलेल्या दिवशी परत यायचीय. त्याने म्हणायचं नाही की आता मी इथून हलत नाही.

महाराष्ट्रात याला एवढं महत्त्व का, तर जुन्या भाडेकरूंना घराबाहेर काढायला इथे लोकांची आयुष्यं गेलीत, कोर्टात. म्हणून लिव्ह अँड लायसन्स हा प्रकार रुजला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 मध्ये राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सची मुदत संपली की लायसन्सीने जागा सोडायची, नाहीतर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि मुदतीनंतर राहिला त्या काळासाठी लायसन्स शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई लागते. मालकाची ही सोय 'लायसन्सी'च्या बाबतीत आहे, 'भाडेकरू'च्या बाबतीत नाही.

आता 'दुप्पट दराने नुकसानभरपाई' हे मेलमध्ये 'दुप्पट भाडं' करायचा मोह होतोच. करू नका. मुदत संपल्यावर मालकाने मेल केला की "जूनचं भाडं मिळालं, धन्यवाद", की समोरचा म्हणू शकतो, बघा, मी राहतोय हे यांना मान्य आहे, भाडं घेतायत. नुकसानभरपाई म्हणजे तू परवानगीशिवाय राहतोयस म्हणून देतोयस, आणि भाडं म्हणजे तू राहावंस म्हणून घेतोय. खात्यात जमा होणारे पैसे तेच, पण एका शब्दाने अर्थ उलटा.

पण कोर्ट शब्दावर थोडीच जातं?

बरोबर आहे, आणि हा आक्षेप घेणारा माणूस थोडाफार कायदा वाचलेला असतो. 1959 च्या असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंच की कागदाला नाव काय दिलंय यापेक्षा त्यातला खरा व्यवहार काय आहे, पक्षांचा हेतू काय होता, ते बघायचं. म्हणजे नुसतं लायसन्स लिहिलं म्हणून लायसन्स होत नाही.

पण मग हेतू बघायचा कुठे? वागण्यात, पावत्यांमध्ये, आणि पत्रव्यवहारात. म्हणजे आपल्या मेलमध्येच. राहत्या घरांबाबत कलम 24 च्या स्पष्टीकरणात लेखी लायसन्स करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा धरलाय, त्यामुळे एखाद्या मेलमध्ये चुकून भाडेकरू लिहिलं म्हणून नोंदणी केलेला करार लगेच कोसळत नाही, घाबरून जाऊ नका. त्रास होतो तो करार जिथे गप्प आहे तिथे, किंवा मुदत संपल्यावर, किंवा करारानंतर काही बदल ठरला असेल तर. तिथे बघायला मेल सोडून दुसरं काही उरतच नाही.

मेल म्हणजे करार नाही ना!

असूही शकतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 10अ मुळे, करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्याच कारणावरून त्याची अंमलबजावणी नाकारता येत नाही, आणि 2010 च्या ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता केसमध्ये ईमेलच्या देवाणघेवाणीतून करार पूर्ण झाला असं सुप्रीम कोर्टाने मानलं. घराचा लायसन्स करार मात्र लेखी आणि नोंदलेला असायलाच हवा, भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. तेव्हा मेलवरून अख्खा लिव्ह अँड लायसन्स होणार नाही. पण करार कायद्याचं कलम 63 असं आहे की ज्याला येणं आहे तो ते पूर्ण किंवा थोडं सोडून देऊ शकतो, बदल्यात काही घेतलं नाही तरी. म्हणजे काकांनी त्या मुलाला "अरे लॉक-इनचं काय एवढं, तू निवांत जा" असं टाइप केलं असतं, तर ते 33,000 तिथेच गेले असते, आणि काकांना वाटलं असतं आपण फक्त गोड बोललो.

मग सोपं करायचं काय?

माझी पद्धत अशी झालीय की मेल लिहायच्या आधी कराराची प्रिंट घेते आणि पेन्सिलने दोन प्रकारचे शब्द गोल करते. पहिल्या प्रकारात करारात ज्यांची व्याख्या आहे किंवा कायद्यात ज्यांना अर्थ आहे ते: लायसन्सी, लायसन्स शुल्क, लॉक-इन कालावधी, सुरक्षा अनामत, लेखी नोटीस, नुकसानभरपाई, रिकामा व शांततापूर्ण ताबा. हे मेलमध्ये जसेच्या तसे जाणार, स्पेलिंगसकट, आणि शेवटपर्यंत तेच. पहिल्यांदा आला शब्द की तिथेच एका वाक्यात अर्थ, नंतर नुसता शब्द.

दुसऱ्या प्रकारचे शब्द छोटे असतात आणि लोक तेच विसरतात. पासून, पर्यंत, आत, नंतर, किंवा, आणि, राहील, येईल. 'नोटीस मिळाल्यापासून' आणि 'नोटीस दिल्यापासून' यात पोस्टाचे आठ दिवस जातात. 'एक महिना' असेल तर त्याचे 30 दिवस करू नका, फेब्रुवारीत दोन दिवसांचा फरक पडतो आणि भांडण नेमकं त्या दोन दिवसांवर होतं. 'देण्यास जबाबदार राहील' म्हणजे त्याची जबाबदारी आहे, 'तुम्हाला मिळतीलच' असा त्याचा अर्थ नाही, पण सोपं लिहिताना हात आपोआप तिकडेच वळतो.

हे सोडून उरलेलं सगळं तुमच्या हातात. 'सदर', 'उपरोक्त', 'नमूद केल्याप्रमाणे', 'सबब', 'येणेप्रमाणे', हे कायद्याचे शब्द नाहीतच, ही नुसती कचेरीची सवय, खुशाल काढा. लांब वाक्य तोडा. तारखा आणि रुपये घाला. मालकाला खरं तर कलम समजून घ्यायचंच नसतं, त्याला त्याच्या केसमध्ये काय होणार तेवढं हवं असतं.

तर तिसरा मेल असा गेला:

> नमस्कार काका,
>
> आधीचा मेल कृपया बाजूला ठेवा, त्यात माझे शब्द चुकले होते. हा धरा.
>
> तुमचा लायसन्सी (करारात फ्लॅट वापरणाऱ्याला हा शब्द आहे) 15 नोव्हेंबरला जागा सोडतोय. लॉक-इन कालावधी, म्हणजे ज्या काळात तुम्हाला किंवा त्याला करार संपवता येत नाही तो काळ, 31 डिसेंबरपर्यंत आहे. तो त्याआधी जातोय म्हणून कलम 4 मधलं हे वाक्य लागू होतं: "लायसन्सीने लॉक-इन कालावधीत जागा सोडल्यास उर्वरित लॉक-इन कालावधीचे लायसन्स शुल्क देण्यास तो जबाबदार राहील."
>
> तुमच्या बाबतीत उर्वरित लॉक-इन कालावधी 16 नोव्हेंबर ते 31 डिसेंबर. नोव्हेंबरचे 15 दिवस 11,000 आणि डिसेंबरचे 22,000, एकूण 33,000 रुपये. 15 नोव्हेंबरपर्यंतचं लायसन्स शुल्क त्याने भरलेलं आहे.
>
> सुरक्षा अनामत 1,00,000 आहे, दुसरी कुठलीही रक्कम आपल्याकडे नाही. त्यातून 33,000 आणि लाइट बिलाचे 1,840 वजा केले तर 65,160 परत द्यायचे होतात. कलम 6 प्रमाणे ते "रिकामा व शांततापूर्ण ताबा" मिळाल्यावर द्यायचे, म्हणजे त्याचं सामान निघालं, चाव्या तुमच्या हातात आल्या, मगच.
>
> तुम्ही विचारलं होतं भिंतींच्या रंगाचे पैसे कापू का. कलम 6 मध्ये "वाजवी झीज वगळून" असं आहे. राहिल्यामुळे रंग फिका पडणं ही वाजवी झीज, त्याचे कापता येत नाहीत. बेसिन फुटलं असतं तर कापता आले असते.
>
> एक महिन्याच्या लेखी नोटिशीचं वाक्य लॉक-इन कालावधीनंतरसाठी आहे, इथे लागू नाही.
>
> एक सांगून ठेवते. नवीन लायसन्सी 1 डिसेंबरपासून मिळाला तर पूर्ण 33,000 कापण्यावर हा जाणारा लायसन्सी वाद घालू शकतो, कारण कायद्याने वाजवी भरपाईच मिळते. तसं झालं तर आधी मला फोन करा. तोपर्यंत त्याला फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर रक्कम कबूल करू नका, आणि हा मेल फॉरवर्ड करू नका, त्याला पाठवायचं पत्र मी वेगळं करून देते.

हे तर लांब झालं की

हो, कॉपी-पेस्टपेक्षा आणि माझ्या चार ओळींपेक्षा कितीतरी लांब. सोपं म्हणजे छोटं असं डोक्यात बसलंय आपल्या. अवघड शब्द तसाच ठेवायचा तर त्याच्या शेजारी अर्थाला जागा द्यावीच लागते, त्याला इलाज नाही. पण या मेलवर काकांचा 'काय लिहिलंय ते सांग' फोन आला नाही.

यात एक गोष्ट मुद्दाम केलीय, कलमातले शब्द अवतरणचिन्हात आणि माझं स्पष्टीकरण बाहेर. वाचणाऱ्याला कळतं की कुठला शब्द कराराचा आणि कुठला माझा. उद्या माझं स्पष्टीकरण चुकलं तरी करार चुकत नाही.

खाली डिस्क्लेमर टाकला की झालं ना?

'सदर मेलमध्ये व करारात तफावत असल्यास करार ग्राह्य धरावा' ही ओळ आम्हीही टाकतो, मराठीत साध्या शब्दांत: काही फरक वाटला तर करारातला शब्द खरा. तिचा उपयोग आहे, पण थोडाच. काका त्या 1 लाखाचं काय करायचं ते मेल वाचूनच ठरवणार, करार कपाटात आहे आणि कपाट कोथरूडला. त्या ओळीने चुकीचा आकडा दुरुस्त होत नाही. आणि मुदतीनंतर 'भाडं मिळालं' असं मालकाने स्वतः लिहिलेलं असेल तर आमच्या मेलखालची ओळ त्याला कशी वाचवणार.

बरं, काही वेळा शब्द तसाच ठेवून अर्थ सांगता येतच नाही, कारण करारातच तो गोंधळलेला असतो. एका करारात मी 'लॉक-इन कालावधी 6 महिने' आणि खाली दुसऱ्या कलमात 'लायसन्सीस केव्हाही एक महिन्याच्या नोटिशीने जाता येईल' असं दोन्ही बघितलंय, कुणीतरी दोन जुने ड्राफ्ट जोडले होते. अशा वेळी सोपा मेल लिहून ते झाकायचं नाही. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी द्यायची आणि स्पष्ट लिहायचं की ही एकमेकांशी जुळत नाहीत, वकिलांनी बघितल्याशिवाय पैसे कापू नका.

काकांच्या केसमध्ये शेवटी नवीन लायसन्सी 10 डिसेंबरला आला. त्या मुलाने वाद घातला नाही, पण काकांनीच फोन केला, "त्याचे डिसेंबरचे थोडे परत देऊ का गं, बरं नाही वाटत." मी म्हटलं जरूर द्या, पण किती आणि कशाचे ते आधी मला लिहू द्या. मग एका ओळीचं पत्र केलं: "उर्वरित लॉक-इन कालावधीच्या लायसन्स शुल्कापैकी दि. 10/12/2025 ते 31/12/2025 या काळाचे शुल्क लायसन्सर स्वेच्छेने सोडून देत आहे." काका म्हणाले, "माझं नाव घाल ना, लायसन्सर कोण?"